बिल्ला छातीवर लागला की माणूस मालक होत नाही, भाऊ!

मंडळी, सणासुदीचे दिवस आले की आपल्या अचलपूर-परतवाड्यात दोन गोष्टी छापल्या जातात. एक वर्गणीची पावती आणि दुसरी स्वयंसेवकांची आचारसंहिता. पावतीपुस्तक सगळे नीट सांभाळतात. आचारसंहिता मात्र मंडपाच्या मागच्या खांबाला चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर फुलांचा हार लटकतो. गणपती असो, नवरात्र असो की बहिरमची जत्रा, कुठंही जाऊन पाहा.

असे बरेच कागद मी वाचले आहेत. कोणाची एकवीस कलमं, कोणाची अकरा. "नम्रपणे वागावे." "भाविकांना सहकार्य करावे." "मोबाईलचा अनावश्यक वापर टाळावा." आता मला सांगा, याला नियम म्हणतात का? नम्रपणे म्हणजे नेमकं कसं? अनावश्यक कोणी ठरवायचं? कोणी नाही पाळलं तर त्याचं काय करायचं? याचं उत्तर त्या कागदावर नसते. ज्या नियमात कोणी, केव्हा, काय करायचं आणि नाही केलं तर काय होईल हे नाही, तो नियम नाही, सुविचार आहे. सुविचार शाळेच्या फळ्यावर शोभतो. दोन हजार माणसांच्या रांगेत त्याचा काडीचा उपयोग नाही.

मी स्वतः बारा-पंधरा वर्षं बिल्ला लावून रांगेत उभा राह्यलेला माणूस आहे, म्हणून बोलतो आहे. बाहेरून टीका करणारा नाही. आणि चार गोष्टींवरच बोलतो: रांगेतली वागणूक, भेटवस्तू, मोबाईल आणि तक्रार. बाकीची कलमं फाडून टाकली तरी चालतील.

पहिली गोष्ट : रांग

आपल्याकडे नम्रता म्हणजे "चला माउली, चला" म्हणणं आणि हात मात्र पाठीवर ठेवून ढकलणं. शब्द शेगावचा आणि हात आखाड्यातला!

शेगावचं नाव काढलंच आहे तं नीट पाहू. गजानन महाराज संस्थानात सेवाधारी पगार न घेता, पाळीपाळीनं येऊन सेवा देतात. तिथं जाऊन आलेल्या माणसाला विचारा, तो मंदिराआधी त्या सेवाधाऱ्यांबद्दल बोलतो. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. आपल्याच वऱ्हाडातली आहेत, आपल्यासारखीच कापूस-सोयाबीनवाली. फरक एवढाच की तिथं काम वाटून दिलेलं असते आणि पाळी संपली की माणूस बदलते. आपल्याकडे सकाळी सातला उभं केलेलं पोरगं रात्री अकरालाही तिथंच असते, दोन वडापाव आणि चार चहावर. दहाव्या तासाला ते कोणावर तरी खेकसणारच. म्हणून पहिलं कलम भाविकाबद्दल नको, स्वयंसेवकाबद्दल पाहिजे: एका माणसाची पाळी चार तासांची, मधे बसायला जागा, जेवण वेळेवर. हे करायची ज्या मंडळाची तयारी नाही, त्यानं नम्रतेचं कलम लिहूच नये.

दुसरं कलम: भाविकाच्या अंगाला हात लावायचा नाही. पडणाऱ्याला सावरायचं असेल तरच. बायांच्या रांगेत बायाच स्वयंसेवक. आणि रांगेतल्या माणसाला तीन गोष्टी न विचारता सांगायच्या: अजून किती वेळ लागेल, पाणी कुठं आहे, संडास-मुतारी कुठं आहे. माणूस उभं राहून चिडत नाही हो, किती वेळ उभं राहायचं हे माहीत नसलं की चिडते. मेळघाटातून येणाऱ्या कोरकू बायाबापड्यांना आपली फलकावरची शुद्ध मराठी कळत नसेल, तं कोरकू बोलणारा एक तरी पोरगा रांगेपाशी ठेवा. हिंदी बोलणारे तं आपल्या गावात घराघरात आहेत.

आता "पुढं सरका, पुढं सरका" या ओरडण्याबद्दल. गर्दीचा जोर मागून येते आणि माणूस पुढं चेंगरते. पुढच्या स्वयंसेवकाला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं दिसत नाही. दोघंही ओरडतात आणि मधली म्हातारी दोन्हीकडून दाबल्या जाते. २५ जानेवारी २००५ ला साताऱ्याच्या मांढरदेवीला काय झालं ते विसरलो का आपण? अरुंद वाट, नारळाच्या पाण्यानं घसरड्या झालेल्या पायऱ्या आणि मागून येणारा लोंढा. जवळपास तीनशे माणसं गेली. म्हणून गर्दी दाटली की पुढं ओरडायचं नाही, मागचं दार थांबवायचं. मागच्या टोकाला एक माणूस, पुढच्या टोकाला एक माणूस, दोघांत ठरलेली खूण: शिट्टी दोनदा वाजली की मागून आत येणं बंद. रांगेतले लोक आपले हात छातीशी धरायला लागले, किंवा लेकरं खांद्यावर घ्यायला लागले, की ती शिट्टी वाजवायची वेळ झाली असं समजा. माझ्या मते रांगेतली खरी नम्रता ही आहे.

दुसरी गोष्ट : भेट

इथं लोक नाराज होतील, होऊ द्या.

"नारळच तं घेतला बापा, लाच थोडी घेतली!" असं म्हणणारे आपल्यातच आहेत. नारळ, शर्टाचं कापड, पन्नासची नोट, महाप्रसादाचा बांधून दिलेला डबा. देणारा बहुतेक वेळा चांगल्या मनानंच देते. पण घेतलेल्या नारळाचं ओझं हातावर नाही, बाजूच्या दारावर पडते. उद्या तोच माणूस पाहुणे घेऊन येते, ओळखीचं हसते, आणि आपलं पोरगं दोरी वर करते.

हिशेब करून पाहा. समजा दर्शनाला मिनिटाला वीस माणसं पुढं जातात आणि रांगेत बाराशे आहेत. शेवटच्या माणसाला साठ मिनिटं लागतील. आता बाजूच्या दारानं मिनिटाला पाच ओळखीचे सोडा. मुख्य रांगेसाठी उरले पंधरा. शेवटच्या माणसाला लागली ऐंशी मिनिटं. वरची वीस मिनिटं कोणाच्या पायांवरून गेली? ज्याची कोणाशी ओळख नाही त्याच्या. रोजमजुरी बुडवून आलेल्या बाईच्या. तुमच्या एका नारळाची किंमत ती देते आहे, आणि तिला ते माहीतही नाही.

म्हणून कलम सरळ पाहिजे: कामावर असताना हातात काहीच घ्यायचं नाही. कोणी आग्रह केला तं एकच वाक्य, "काका, देणगीच्या टेबलावर द्या, पावती घ्या." कोणी खिशात कोंबून पळालंच, तं ती वस्तू त्याच संध्याकाळी वहीत लिहून जमा. प्रसाद पाळी संपल्यावर, सगळ्यांच्या पंगतीत बसून. बांधून घरी न्यायचा नाही, अध्यक्षांच्या घरीही नाही.

बाजूचं दार ठेवायचंच असेल तर ते कोणासाठी ते बाहेर मोठ्या अक्षरात लिहा: काठी टेकत चालणारे, गरोदर बाया, तान्हं लेकरू कडेवर असलेले, अपंग. बस. "साहेबांचा फोन आला" ही पाचवी जात त्या फलकावर लिहायची हिंमत असेल तं लिहा, नाहीतर त्यांनाही रांगेत उभं करा.

आणि हे फक्त नीतीचं नाही. उत्सवासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तं सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, आणि गोळा केलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागते. स्वयंसेवकाच्या खिशात गेलेली पन्नासची नोट त्या हिशेबात कुठंच बसत नाही. देणाऱ्यानं ती मंडळाला दिली होती, बरं का. आपल्या पोराला नाही.

ही शिकवण आपल्याला बाहेरून आणायची गरजच नाही. गाडगेबाबा आपल्या बाजूच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या त्या माणसानं, पंढरपूर, नाशिक, आळंदीला. स्वतः मात्र फुटक्या मडक्यात मागून आणलेली भाकर खाल्ली आणि पायाला हात लावू दिला नाही कोणाला. यात्रेत गेले की आधी हातात खराटा. २० डिसेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि त्याच सुमारास बहिरमची यात्रा सुरू होते. हार घालणाऱ्या हातानं दुसऱ्याच आठवड्यात नारळ घ्यायचा असेल, तं हार तरी काहून घालता?

तिसरी गोष्ट : मोबाईल

मोबाईलचा विषय निघाला की सगळे रील आणि सेल्फीवर बोलतात. रील वाईट आहेच. रांगेकडे पाठ करून आरतीचं लाईव्ह करणारा स्वयंसेवक हा स्वयंसेवक नाही, प्रेक्षक आहे. पण मला भीती वाटते ती हरवलेल्या लेकराच्या फोटोची.

दरवर्षी होते. गर्दीत एक चार वर्षांचं लेकरू रडताना सापडते. आपला पोरगा, मनानं चांगलाच, पटकन फोटो काढते, आणि "हे बाळ मंडपात सापडले आहे, लाल शर्ट, नाव अमुक, कृपया शेअर करा" म्हणून दहा ग्रुपांवर टाकते. तिकडं ध्वनिक्षेपकावरूनही तेच: नाव, वय, कपड्याचा रंग, सगळं. आता विचार करा. नाव माहीत, कपडे माहीत, उभं कुठं आहे ते माहीत. वाईट मनाच्या माणसाला आणखी काय पाहिजे? तो येऊन म्हणेल, "माझ्या बहिणीचं आहे, लाल शर्टवालं, चाल रे" आणि नावानं हाक मारेल. गोंधळलेलं लेकरू मागं जाईलही. आणि लेकरू सुखरूप घरी गेलं तरी तो फोटो सहा महिने फिरत राहते, अमरावतीपासून बैतूलपर्यंत.

कायदाही याबद्दल स्पष्ट आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ सांगते की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही माध्यमांतून उघड करता येत नाही. कलम ३२ सांगते की कुटुंबापासून हरवलेलं बालक ज्याला सापडेल त्यानं चोवीस तासांच्या आत पोलीस, चाइल्डलाइन किंवा बालकल्याण समितीला कळवायचं. फॉरवर्ड केलं म्हणजे कळवलं असं होत नाही.

मग करायचं काय? मी असं करतो, आणि सगळ्यांनी करावं म्हणतो. लेकरू सापडलं तिथून लगेच हलवायचं नाही, चार-पाच मिनिटं तिथंच थांबायचं, कारण माय बहुतेक वेळा त्याच वाटेनं परत धावत येते. नाही आली तं दोन स्वयंसेवकांनी, त्यातली एक बाई, त्याला मदत केंद्रावर न्यायचं. एकट्यानं कधीच नाही. ध्वनिक्षेपकावर एवढंच: "एक लहान मूल मदत केंद्रावर आहे, ज्यांचं असेल त्यांनी यावं." नाव नाही, रंग नाही, मुलगा की मुलगी तेही नाही. येणाऱ्यानं सांगायचं, आपण फक्त ऐकायचं: नाव काय, कपडे कोणते, पायात काय, अंगावर काही खूण. मग लेकराचं तोंड पाहायचं. मायला पाहून लेकरू कसं पाहते हे कळायला शिक्षण लागत नाही. नेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राचा नंबर वहीत, सही. अर्ध्या तासात कोणीच नाही आलं, किंवा आलेल्याबद्दल शंका वाटली, तं पोलिसांच्या हवाली. आपल्या जुळ्या शहरात अचलपूर, परतवाडा, सरमसपुरा अशी तीन ठाणी आहेत. आपला मंडप कोणत्या ठाण्यात येते आणि तिथला नंबर काय, हे प्रत्येक बिल्ल्याच्या मागच्या बाजूला छापा. सोबत ११२ आणि १०९८.

म्हणून मोबाईलचं कलम असं: पाळीवर फोन खिशात, आवाज बंद. केंद्रावर मंडळाचा एकच फोन, त्याचा नंबर फलकावर. भाविकांचे फोटो मंडळ काढणार नाही, स्वयंसेवक काढणार नाही. घरी कोणी आजारी असेल तं घरच्यांना त्या केंद्राचा नंबर द्या, निरोप माणूस घेऊन येईल. यात अडचण काय आहे?

चौथी गोष्ट : तक्रार

"आमच्याकडे एकही तक्रार आली नाही" हे वाक्य समारोपाच्या भाषणात अभिमानानं सांगतात. मी ते ऐकलं की समजतो, वही लपवून ठेवली होती. दहा दिवसांत हजारो माणसं येऊन गेली आणि कोणालाच काही खटकलं नाही? तक्रारी शून्य म्हणजे उत्सव चांगला झाला असं नाही, लोकांना सांगायला जागा नव्हती.

एक प्रसंग समजा. रात्री पावणेनऊ. शिरजगावहून आलेली बाई केंद्रावर येते. म्हणते, "तुमच्या पोरानं माह्या मायले ढकललं, तिचा हात खरचटला." आज आपल्याकडे काय होते? ज्यानं ढकललं त्यालाच बोलावतात. तो म्हणते, "म्या कायले ढकलू?" चार पोरं त्याच्या बाजूनं गोळा होतात. कोणीतरी म्हणते, "जाऊ द्या ना मावशी, देवाच्या दारात कायले वाद?" मावशी जाते. ती पुढच्या वर्षी येत नाही, आणि तिच्या गावातल्या दहा जणी येत नाहीत. तक्रार मिटली म्हणून आपण हात झटकतो.

आता व्हायला काय पाहिजे ते सांगतो. आधी म्हातारीला बसवायचं, पाणी, प्रथमोपचार. मग ज्याच्यावर तक्रार आहे तो सोडून दुसऱ्यानं ऐकायचं. पानांवर नंबर छापलेली वही, खाली कार्बन. तारीख, वेळ, जागा, बिल्ल्याचा नंबर, आणि बाईचे शब्द तिच्याच भाषेत, आपली मलमपट्टी न करता. वाचून दाखवायचं, सही किंवा अंगठा, खालची प्रत तिला. त्या पोराला त्याच वेळी रांगेवरून काढून चप्पल स्टँडवर बसवायचं. शिक्षा म्हणून नाही, चौकशी होईपर्यंत. त्याचंही म्हणणं लिहून घ्यायचं, आणि बाजूला उभ्या असलेल्या दोघांचं. तीन दिवसांत त्या बाईला फोन करून काय ठरलं ते सांगायचं. चूक निघाली तं माफी मंडळानं मागायची, पोराच्या डोक्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं नाही. बिल्ला मंडळानं दिला होता.

यात पोराचंही भलं आहे. उद्या कोणी खोटा आळ घेतला, तं वहीतली वेळ, बिल्ल्याचा नंबर आणि साक्षीदार हेच त्याला वाचवतील. वही नसली की गावातली कुजबुज राहते, आणि कुजबुजीपुढं कोणीच निर्दोष सुटत नाही.

पण काही तक्रारी मंडळाच्या नाहीतच. बाईच्या अंगाला हात लागला, लेकराशी कोणी वाईट वागलं, चोरी झाली, जातीवरून कोणी बोललं. इथं अध्यक्ष-सचिवांनी "आपसात मिटवून घेऊ" म्हणायचंच नाही. तो अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. मंडळाचं काम एवढंच की तक्रार करणाऱ्याला एकटं न सोडता, बाई असेल तं सोबत बाई देऊन, ठाण्यापर्यंत पोचवायचं. उत्सवाची बदनामी होईल म्हणून गप्प बसवलं, तं खरी बदनामी तिथून सुरू होते.

आता मला माहीत आहे, खाली काय लिहिल्या जाणार आहे. "फुकट राबणाऱ्या पोरांना एवढे नियम लावाल तं उद्या कोणी येणारच नाही." मी उलटं पाह्यलं आहे. जिथं पाळी ठरलेली नाही, जेवणाचा पत्ता नाही, आणि काही झालं की मंडळ हात वर करते, तिथून चांगली पोरं आधी जातात. मागं उरतात ते, ज्यांना बिल्ल्याचाच शौक आहे. आणि "फुकट" म्हणाल तं भाविकही फुकटच येते. त्याला कोणी पगार देते का चेंगरायला?

दुसरं कोणी म्हणेल, आपल्या गावात हे चालत नाही. एस.टी.ची रांग आपल्या गावात चालते, राशनची चालते, बँकेची चालते. देवाचीच काहून चालत नाही?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, आणि ती सगळ्या मंडळांना आहे, माझ्याही मंडळाला. ती एकवीस कलमं काढा. एका पानावर चार लिहा: चार तासांची पाळी आणि अंगाला हात नाही. हातात भेट नाही. खिशातून फोन नाही आणि लेकराचा फोटो तं नाहीच नाही. नंबर टाकलेली तक्रारवही दर्शनी टेबलावर, आणि शेवटच्या दिवशी किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, ते जमाखर्चाच्या फलकाशेजारी लावा. यंदा कोणत्या मंडळानं ती वही टेबलावर ठेवली ते मी फिरून पाहणार आहे. तुम्हीही पाहा. नसली तं अध्यक्षांना सरळ विचारा, "भाऊ, वही कुठं आहे?"